एका पानाची एसओपी: संशोधन-इंटर्नशिपच्या अर्जात काय लिहावे, काय गाळावे

संशोधन-इंटर्नशिपच्या अर्जात गुणपत्रिका विद्यापीठाची असते, शिफारसपत्र शिक्षकांचे असते आणि फॉर्ममधले रकाने संस्थेने ठरवलेले असतात. अर्जदार स्वतः बोलतो ते फक्त एका पानावर. त्या पानाला स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ती नुसती एसओपी. जागा मोजक्या आणि अर्ज भरपूर असतील, तर चांगल्या गुणांचे विद्यार्थी जागांपेक्षा कितीतरी जास्त असतात. मग त्यांच्यातून कोणाला बोलवायचे, हे ठरवताना या पानाला वजन येते.

हे पान वाचणारा बहुतेक वेळा त्याच संस्थेतला शास्त्रज्ञ असतो. निवडलेला विद्यार्थी उन्हाळ्याचे काही आठवडे त्याच्या किंवा त्याच्या सहकाऱ्याच्या हाताखाली काम करणार असतो. त्यामुळे त्याच्या मनात एकच व्यावहारिक प्रश्न असतो: या विद्यार्थ्याला एक छोटा प्रश्न दिला आणि तो मध्येच अडला, तर तो काय करील? विषयाची आवड किती आहे, यावरून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. अर्जदाराने याआधी एखादे लहानसे काम करताना काय पाहिले, कशावर शंका घेतली आणि त्या शंकेचा निकाल कसा लावला, यावरून ते मिळते. म्हणून एसओपीचा गाभा म्हणजे असे एक काम आणि त्यात अर्जदाराने स्वतः घेतलेला निदान एक निर्णय.

हे नेमके कसे लिहायचे, ते एका खऱ्या कार्यक्रमाच्या आणि एका कल्पित अर्जदाराच्या आधारे पाहता येईल. टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, उन्हाळ्यात विद्यार्थ्यांसाठी व्हिजिटिंग स्टुडंट्स रिसर्च प्रोग्रॅम चालवते. तो व्हीएसआरपी या नावाने ओळखला जातो. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात असलेले राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे एनसीआरए, हे टीआयएफआरचेच केंद्र. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण हेच केंद्र चालवते. रेडिओ खगोलशास्त्रात उन्हाळी प्रकल्प करू पाहणाऱ्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे साहजिक ठिकाण वाटते. अर्जात काय मागितले आहे आणि शब्दमर्यादा किती, हे त्या त्या वर्षीच्या सूचनेतच पाहावे लागते. इथे एका पानाची मर्यादा धरली आहे.

समजा, अर्जदार सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिने आणि तिच्या दोन वर्गमित्रांनी पुठ्ठा आणि ॲल्युमिनियमचा कागद वापरून कर्ण्याच्या आकाराची अँटेना बनवली. तिला एक ॲम्प्लिफायर आणि संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर लावला आणि महाविद्यालयाच्या गच्चीवरून आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा संदेश टिपायचा प्रयत्न केला. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे सुमारे १४२०.४ मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या रेडिओ लहरी सोडतो. आकाशगंगेत हायड्रोजन इतका आहे की घरगुती साधनांनीही हा संदेश पकडता येतो. जगभरात अनेक विद्यार्थी हा प्रयोग करतात. त्यामुळे ‘आम्ही हा प्रयोग केला’ एवढ्या वाक्याने निवड होत नाही. तो कसा केला, हे सांगावे लागते.

पहिला खर्डा

अशा अर्जदाराचा पहिला खर्डा बहुधा पुढील आशयाचा असतो. (प्रत्यक्ष एसओपी इंग्रजीत लिहिली जाते, इथे आशय मराठीत दिला आहे.)

‘लहानपणापासून मला ताऱ्यांचे आकर्षण आहे. विश्वाची गूढ रहस्ये उलगडण्याचे माझे स्वप्न आहे. मी क्वांटम मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स हे विषय शिकले असून त्यांत मला उत्तम गुण आहेत. आम्ही रेडिओ दुर्बीण बनवून हायड्रोजनची २१ सेंमी रेषा यशस्वीपणे शोधली. मला पायथॉन येते. मी मेहनती आहे आणि मला संघात काम करता येते. आपल्या जगप्रसिद्ध संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन.’

यातले काहीही खोटे नाही. तरीही वाचणाऱ्याच्या हाती जवळजवळ काही लागत नाही. लहानपणीचे आकर्षण खगोलशास्त्राच्या बहुतेक अर्जदारांना असते, त्यामुळे ते सांगून कोणी वेगळा ठरत नाही. विषय आणि गुण गुणपत्रिकेत आहेतच. मेहनत आणि संघभावना हे गुण शिफारसपत्रात शिक्षकांनी सांगितले तर त्यांना वजन येते. स्वतःच स्वतःबद्दल सांगितले तर वाचणारा पुढे सरकतो. संस्था प्रसिद्ध आहे, हे तिथल्या शास्त्रज्ञाला सांगून उपयोग नसतो. एवढ्या मजकुरात फक्त एक वाक्य कामाचे आहे, ते रेषा शोधल्याचे, आणि तेही अपुरे आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ ते वाचताच विचारील: ती रेषा हायड्रोजनचीच होती, हे कशावरून?

दुसरा खर्डा या प्रश्नाच्या उत्तरातूनच तयार होतो. तो लिहायला बसण्यापूर्वी अर्जदाराने आपली प्रयोगवही उघडावी आणि तीन गोष्टी वेगळ्या कागदावर काढाव्यात: आधी काय दिसले, त्यावर शंका का आली आणि शंका दूर करण्यासाठी काय केले. भाषेचा विचार त्यानंतर. बहुतेक एसओपी फसतात, कारण अर्जदार भाषेपासून सुरुवात करतो आणि वही उघडतच नाही.

वहीत काय सापडते

या अर्जदाराच्या वहीत असे सापडते. पहिल्याच रात्री पडद्यावर १४२०.४ मेगाहर्ट्झच्या जवळ एक उंच, अरुंद शिखर दिसले. तिघांनाही वाटले की हाच हायड्रोजन. अँटेना दुसरीकडे वळवली, तरी शिखर तसेच राहिले. तेव्हा या मुलीने अँटेना काढली आणि तिच्या जागी ५० ओहमचा रोधक लावला. आता रिसीव्हरला आकाशातून काहीच मिळत नव्हते, तरीही शिखर गेले नाही. म्हणजे ते आकाशातून येत नव्हते, उपकरणातूनच येत होते.

मग तिने अनेक मिनिटांच्या नोंदींची सरासरी काढणारा छोटा पायथॉन प्रोग्रॅम लिहिला. अशा नोंदींमधला यादृच्छिक गोंगाट नोंदीच्या कालावधीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. शंभर सेकंदांची सरासरी घेतली की तो एका सेकंदाच्या नोंदीच्या दहाव्या भागावर येतो. रोधकावरच्या नोंदीने आकाशाच्या नोंदीला भागल्यावर रिसीव्हरचा स्वतःचा आकार बराचसा निघून गेला आणि अरुंद शिखराशेजारी एक बुटका, रुंद उंचवटा उरला. रोधक लावला असताना तो दिसत नव्हता.

तरीही तो उंचवटा गावातल्या एखाद्या यंत्राचा असू शकला असता. माणसांची यंत्रे घड्याळाच्या वेळेनुसार चालू-बंद होतात. तारे मात्र दररोज सुमारे चार मिनिटे लवकर माथ्यावर येतात, म्हणजे पंधरा दिवसांत सुमारे एक तास. तिने अँटेना सरळ वर रोखून ठेवली आणि ६ व २१ डिसेंबरला नोंदी घेतल्या. पहिल्या वेळी उंचवटा मध्यरात्रीनंतर पावणेदोनच्या सुमारास सर्वांत ठळक होता. दुसऱ्या वेळी तो पाऊण वाजण्याच्या सुमारास ठळक झाला. साताऱ्याच्या माथ्यावरून आकाशगंगेचा मिथुन-मृगाकडचा पट्टा जाण्याच्या वेळा याच आहेत. उंचवट्याने गावाचे घड्याळ पाळले नव्हते, ताऱ्यांचे पाळले होते.

काय जमले नाही, तेही वहीत आहे. उंचवट्याची उंची तिला तापमानाच्या, म्हणजे केल्व्हिनच्या मापात सांगता आली नाही, कारण तुलनेसाठी एकच संदर्भ होता. मोजपट्टीवरचे दोन बिंदू माहीत असल्याशिवाय प्रमाण बसवता येत नाही. शिवाय त्या कर्ण्याला आकाशाचा सुमारे २० अंशांचा भाग एकदम दिसतो, त्यामुळे हायड्रोजन नेमका कुठे आहे हे त्याला वेगळे करून सांगता येत नाही.

एवढी सामग्री हाती आली की एसओपी जवळजवळ लिहून झालेलीच असते. उरतो तो प्रश्न क्रमाचा आणि जागेचा.

एका पानाची वाटणी

ए-फोर आकाराच्या पानावर नेहमीचा समास आणि ११ अंकी टाइप ठेवला तर इंग्रजीचे साधारण पाचशे शब्द बसतात. टाइप बारीक करून किंवा समास आखडून जास्त मजकूर कोंबला तर वाचणाऱ्याला ते लगेच जाणवते, आणि अर्जदाराला निवड करता येत नाही असा त्याचा अर्थ निघतो. पाचशे शब्दांत पाच छोटे परिच्छेद बसतात, पण त्यांना सारखी जागा देऊ नये.

पहिला परिच्छेद साठेक शब्दांचा. अर्जदार सध्या काय शिकत आहे आणि त्याला कशा प्रकारच्या प्रश्नावर काम करायचे आहे, हे त्यात सरळ सांगावे. दुसरा परिच्छेद सर्वांत मोठा, दोनशे शब्दांपर्यंत, आणि तो एकाच कामाबद्दल असावा. तिसरा सत्तर-ऐंशी शब्दांचा: त्या कामातून कोणता प्रश्न उरला आणि तो सोडवण्यासाठी अर्जदाराला काय येते, काय येत नाही. चौथा शंभर-सव्वाशे शब्दांचा: हे काम याच संस्थेत का करायचे आहे. पाचवा एक-दोन वाक्यांचा: ठरलेल्या संपूर्ण काळात अर्जदार मोकळा आहे का आणि पुढे काय करण्याचा विचार आहे. परीक्षा त्या काळात येत असेल तर ती इथेच सांगावी. निवडीनंतर ती कळली की संस्थेची अडचण होते आणि एक जागाही वाया जाते.

एकाऐवजी तीन प्रकल्प लिहावेत का, हा प्रश्न हमखास येतो. तीन प्रकल्पांना प्रत्येकी साठ-सत्तर शब्द मिळतात, आणि तेवढ्यात ‘काय केले’ एवढेच बसते. ‘का केले’ आणि ‘कसे कळले’ यांना जागा उरत नाही. निवड तर त्यांच्यावरच होते. बाकीचे प्रकल्प बायोडेटात एकेका ओळीत द्यावेत.

मुख्य परिच्छेद

वहीतल्या नोंदींवरून या अर्जदाराचा दुसरा परिच्छेद असा होतो:

‘गेल्या हिवाळ्यात तिघांच्या गटाने आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर २१ सेंमी लहरींसाठी कर्णा-अँटेना उभारली. अँटेना माझ्या दोन सहकाऱ्यांनी बनवली. नोंदींवर प्रक्रिया करणारा प्रोग्रॅम आणि पुढील चाचण्या माझ्याकडे होत्या. पहिल्या रात्री १४२०.४ मेगाहर्ट्झजवळ दिसलेले अरुंद शिखर आम्ही हायड्रोजनचे मानले. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा रोधक लावूनही ते राहिले, म्हणून मी ते उपकरणातले ठरवून वगळले. सरासरी काढून आणि रोधकावरच्या नोंदीने भागून एक रुंद उंचवटा मिळाला. तो स्थानिक हस्तक्षेप नाही हे तपासण्यासाठी मी अँटेना स्थिर ठेवून पंधरा दिवसांच्या अंतराने नोंदी घेतल्या. उंचवटा ठळक होण्याची वेळ सुमारे एक तास अलीकडे सरकली, म्हणजे तो ताऱ्यांबरोबर फिरत होता. त्याची तीव्रता मात्र मला केल्व्हिनमध्ये सांगता आली नाही, कारण आमच्याकडे एकच संदर्भ-स्रोत होता.’

या परिच्छेदात एकही विशेषण कौतुकाचे नाही. मेहनत, चिकाटी, जिज्ञासा हे शब्द कुठेही आलेले नाहीत. पण डिसेंबरच्या दोन रात्री गच्चीवर काढणारी आणि स्वतःच्या निष्कर्षावर शंका घेणारी विद्यार्थिनी त्यातून दिसते. ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांची वाटणीही नेमकी आहे. गटातल्या कामात हे फार महत्त्वाचे असते. सगळीकडे ‘आम्ही’ लिहिले तर अर्जदाराचा वाटा कळत नाही. सगळीकडे ‘मी’ लिहिले आणि शिफारसपत्रात शिक्षकांनी गटाचा उल्लेख केला, तर दोन कागदांतली विसंगती उघडी पडते.

शेवटचे वाक्य अनेकांना गाळावेसे वाटते. अपुरेपण स्वतःहून का दाखवावे? पण वाचणाऱ्याला या प्रयोगाच्या मर्यादा माहीतच असतात. अर्जदारालाही त्या माहीत आहेत का, एवढेच त्याला पाहायचे असते. मर्यादा मात्र कारणासह लिहावी. ‘काही अडचणींमुळे काम अपूर्ण राहिले’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘एकच संदर्भ-स्रोत होता’ या चार शब्दांतून मोजमापाची समज दिसते.

‘याच संस्थेत का?’

एसओपीतला सर्वांत जास्त फसणारा परिच्छेद हाच. इथे दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली स्तुतीची: नामवंत संस्था, थोर शास्त्रज्ञ, उत्कृष्ट सुविधा. ही चूक तपासायची सोपी रीत आहे. परिच्छेदातले संस्थेचे नाव खोडून दुसऱ्या संस्थेचे घालावे. वाक्ये तरीही तशीच खरी राहत असतील, तर तो परिच्छेद पुन्हा लिहावा.

दुसरी चूक नावे पेरण्याची. अर्जदार संकेतस्थळावरून एखाद्या शास्त्रज्ञाचे नाव आणि शोधनिबंधाचे शीर्षक उचलतो आणि ‘या कामाने मी प्रभावित झाले’ असे लिहितो. मुलाखतीत त्या निबंधावर एक साधा प्रश्न आला की सगळा अर्ज संशयाखाली येतो. निबंधाचा उल्लेख तेव्हाच करावा, जेव्हा त्यातली एखादी गोष्ट अर्जदाराच्या स्वतःच्या कामाला खरोखर जोडता येते.

असा दुवा कसा सापडतो, याचे एक उदाहरण. २०२० साली एनसीआरए आणि रामन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जीएमआरटीच्या साहाय्याने केलेले एक काम ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमध्ये हायड्रोजन किती होता, हे त्यांनी मोजले. इतक्या दूरच्या एका दीर्घिकेचा संदेश फारच क्षीण असतो. विश्वाच्या प्रसरणामुळे तो १४२० वरून सरकून ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. या शास्त्रज्ञांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र करून सरासरी काढली. प्रत्येक दीर्घिकेचे स्थान आणि तिचे ताम्रसृती हे प्रकाशीय निरीक्षणांतून आधीच माहीत होते, म्हणून प्रत्येकीचा संदेश कुठल्या वारंवारतेला शोधायचा हे ठरवता आले आणि सगळे संदेश एका रेषेत आणून मिळवता आले.

गच्चीवरच्या प्रयोगातही गोंगाट कमी करण्याचा मार्ग सरासरीचाच होता. तिथे एकाच दिशेच्या अनेक सेकंदांची सरासरी होती, इथे हजारो दीर्घिकांची. दुवा खरा आहे आणि तो अर्जदाराला स्वतःच्या शब्दांत समजावून सांगता येतो. त्यावरून चौथा परिच्छेद असा होऊ शकतो:

‘माझ्या प्रयोगात वेळेवर सरासरी काढून गोंगाट कमी झाला, पण २० अंशांच्या दृष्टिक्षेत्रामुळे हायड्रोजन कुठून येतो ते वेगळे करता आले नाही. जीएमआरटीत २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या ३० अँटेनांचे संदेश जोडून हे साधले जाते, आणि २०२० साली दूरच्या दीर्घिकांच्या हायड्रोजनसाठी ७,६५३ दीर्घिकांची सरासरी काढली गेली. सरासरीत वाईट नोंदी शिरल्या तर काय होते, हे मी लहान प्रमाणावर पाहिले आहे. या उन्हाळ्यात मला एका जवळच्या दीर्घिकेच्या नोंदी घेऊन, त्यांतला हस्तक्षेप ओळखून व वगळून, २१ सेंमी वर्णपट कसा काढतात हे शिकायचे आहे. मला पायथॉन येते. अनेक अँटेनांच्या नोंदींवर मी अजून काम केलेले नाही.’

या परिच्छेदातली मागणी लहान आहे, आणि तेच योग्य आहे. ‘दोन महिन्यांत कृष्णद्रव्याचे कोडे सोडवण्यात योगदान देईन’ असे लिहिणाऱ्याला संशोधनाचा वेग माहीत नाही, असे वाचणारा धरून चालतो. उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत पहिले दोन-तीन आठवडे साधने आणि संगणकप्रणाली शिकण्यातच जातात. तरीही एका दीर्घिकेच्या नोंदींपासून एका वर्णपटापर्यंत पोचता येते, आणि असे काम सुचवणारा अर्जदार मार्गदर्शकाला सोयीचा वाटतो.

एखाद्या विशिष्ट शास्त्रज्ञाचेच नाव घ्यावे का, हे कार्यक्रमाच्या रचनेवर ठरते. फॉर्ममध्ये मार्गदर्शक निवडायला सांगितले असेल तर नाव द्यावेच लागते. नसेल तर कामाचे क्षेत्र सांगून थांबावे. एकाच नावावर अडून बसलेला अर्ज, तो शास्त्रज्ञ त्या उन्हाळ्यात विद्यार्थी घेत नसेल, तर अडचणीत येतो.

कमी गुण, खंड आणि इतर अवघड गोष्टी

एखाद्या सत्रात गुण घसरलेले असतील तर त्याबद्दल लिहावे का? वाचणाऱ्याला ती घसरण गुणपत्रिकेत दिसणारच आहे. सांगण्यासारखे ठोस कारण असेल, तर एका वाक्यात कारण आणि एका वाक्यात त्यानंतरची स्थिती सांगावी: ‘तिसऱ्या सत्रात आजारपणामुळे दोन महिने वर्गाला जाता आले नाही, पुढच्या दोन सत्रांत गुण पूर्ववत झाले.’ याहून जास्त लिहिले तर पानाचा रोख कामावरून अडचणीकडे जातो. ठोस कारण नसेल तर काहीच लिहू नये. एसओपीने गुणांची भरपाई पूर्णपणे होत नाही, हेही खरे. काही कार्यक्रमांत पहिली चाळणी गुणांवर होते आणि त्या चाळणीत अडकलेला अर्ज कोणी वाचतही नाही. म्हणून अर्ज करण्याआधी पात्रतेचे निकष पाहावेत.

ज्याने आजवर एकही प्रकल्प केलेला नाही, त्यानेही याच रीतीने लिहावे. प्रयोगशाळेतला नेहमीचा प्रयोग चालतो, फक्त त्यात काहीतरी अपेक्षेप्रमाणे घडले नसावे आणि अर्जदाराने त्याचा पाठपुरावा केलेला असावा. दोलकाच्या प्रयोगात ‘g’ ची किंमत सतत कमी येत होती. दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची तर ती वरच्या कडीपर्यंतच मोजली जात होती, हे अर्जदाराने शोधून काढले, अशी साधी गोष्टही पानावर उभी राहते. जे केलेलेच नाही ते लिहिण्यापेक्षा ती कितीतरी सुरक्षित आहे. इंटरनेटवरून घेतलेला नमुना ओळखणे वाचणाऱ्याला जड जात नाही. तीच वाक्ये त्याने इतर अर्जांतही वाचलेली असतात.

पाठवण्यापूर्वीची तपासणी

खर्डा तयार झाला की दोन तपासण्या कराव्यात. पहिली अर्जदाराने स्वतः करायची. प्रत्येक वाक्यावर मुलाखतीत येऊ शकणारे दोन प्रश्न समासात लिहावेत. वरच्या परिच्छेदावर असे प्रश्न येतील: रोधक ५० ओहमचाच का? रिसीव्हरचा आणि केबलचा रोध तितका असतो, म्हणून. वेगळा असता तर लहरी परत फिरून नोंदीत लाटा उमटल्या असत्या. दुसऱ्या रात्री ढग असते तर प्रयोग वाया गेला असता का? नसता, २१ सेंटिमीटरच्या लहरी ढगांतून जवळजवळ विनाअडथळा येतात. दुसरा संदर्भ-स्रोत कोणता घेता आला असता? अँटेना आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूरच्या, थंड आकाशाकडे वळवून. त्या आकाशाचे तापमान ढोबळमानाने माहीत असते आणि ते रोधकाच्या तापमानापेक्षा खूपच कमी असते. ज्या वाक्यावरच्या प्रश्नांना उत्तर देता येत नाही, ते वाक्य काढावे किंवा त्याचा अभ्यास करावा. एखादे तंत्र ‘येते’ असे लिहिले असेल तर त्याची ही कसोटी हमखास लागते.

दुसरी तपासणी दुसऱ्याकडून करून घ्यायची. विज्ञान शिकणाऱ्या पण या विषयातल्या नसलेल्या मैत्रिणीला पान एकदा वाचायला द्यावे, मग ते बाजूला ठेवून तिला विचारावे: मी काय केले आणि मला काय करायचे आहे? तिने ‘पहिले शिखर खोटे निघाले, मग ताऱ्यांच्या वेळेवरून खरे ओळखले’ असे सांगितले तर पान जमले. तिने ‘खगोलशास्त्राची आवड आहे’ एवढेच सांगितले तर मुख्य काम मजकुरात बुडालेले आहे, आणि आधी पहिला परिच्छेद कापावा लागेल. इंग्रजीच्या चुका त्यानंतर शिक्षकांकडून दुरुस्त करून घ्याव्यात. साधी, छोटी, बरोबर वाक्ये पुरतात. शब्दकोशातून शोधलेले जड शब्द मुलाखतीत अर्जदाराच्या तोंडी येत नाहीत आणि पान दुसऱ्या कोणी लिहिले असावे अशी शंका येते.

शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना हे पान अर्जाच्या मुदतीच्या निदान दोन आठवडे आधी द्यावे. त्यांनी गच्चीवरच्या त्या चाचण्या पाहिल्या असतील, तर तेच काम ते आपल्या बाजूने लिहितात. मग समितीसमोर एकाच कामाची दोन स्वतंत्र वर्णने येतात, आणि अर्जदाराने स्वतःबद्दल सांगितलेल्या गोष्टीला दुसऱ्याची साक्ष मिळते. पत्र न वाचता लिहिले गेले तर त्यात ‘हुशार आणि नम्र विद्यार्थिनी’ एवढेच येते.

शेवटी फाइल पीडीएफमध्ये उघडून पाहावी: पान एकच आहे ना, संस्थेचे नाव बरोबर आहे ना आणि आधीच्या अर्जातले दुसऱ्या संस्थेचे नाव कुठे राहून गेले नाही ना. एकच खर्डा चार ठिकाणी पाठवणाऱ्यांकडून ही शेवटची चूक होते. पहिले तीन परिच्छेद सगळीकडे जवळजवळ तेच चालतात. चौथा मात्र प्रत्येक संस्थेसाठी नव्याने लिहावा, आणि त्यासाठी त्या संस्थेचे निदान एक काम खरोखर वाचावे.